दोन बाजार, दोन किमती: मूल्यभेदाने एकूण विक्री वाढते का, हे कसे तपासायचे

अभियांत्रिकीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांवर ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मिळणारी ही आवृत्ती आणि अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या दुकानातली आवृत्ती यांचा मजकूर जवळपास सारखाच असतो, पण किमतींत मोठी तफावत असते. ग्राहकांचे ओळखता येण्याजोगे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला वेगळी किंमत लावायची, याला तिसऱ्या प्रकारचा मूल्यभेद म्हणतात. मूल्यभेदाचे असे तीन प्रकार अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये मांडले.

असा भेद टिकायचा तर स्वस्त बाजारातली प्रत महाग बाजारात जाता कामा नये. नेमके तेच घडले आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. थायलंडहून अमेरिकेत शिकायला आलेले सुपाप किर्टसेंग हे मायदेशातल्या स्वस्त आवृत्त्या मागवून अमेरिकेत विकत होते. वायली या प्रकाशनाने त्यांच्यावर दावा लावला. २०१३ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी किर्टसेंग यांच्या बाजूने निकाल दिला: परदेशात कायदेशीर छापलेली प्रत एकदा विकली गेली की तिची पुनर्विक्री प्रकाशक रोखू शकत नाही. आता समजा, या धास्तीने एखाद्या प्रकाशकाने जगभर एकच किंमत ठेवायचे ठरवले. त्याच्या एकूण प्रती पूर्वीपेक्षा जास्त खपतील की कमी?

उत्तर मागणी वक्राच्या आकारावर ठरते. खालचे आकडे हिशेबासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही खऱ्या पुस्तकाचे नाहीत. किंमत डॉलरमध्ये आहे, विक्री हजार प्रतींत आहे, म्हणजे ‘५० प्रती’ हे ५० हजार समजावे, आणि एका प्रतीचा सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक प्रत पुरवायला लागणारा जादा खर्च, सगळीकडे २० डॉलर धरला आहे.

पहिली पायरी: सरळ रेषेची मागणी

अमेरिकेतली मागणी `q = 120 − p` आणि भारतातली `q = 80 − p` घ्या. सरळ मागणीत कमाल नफा देणारी किंमत काढणे सोपे असते. ज्या किमतीला मागणी शून्य होते ती किंमत आणि सीमांत खर्च यांची सरासरी काढायची. त्यानुसार अमेरिकेत (१२० + २०) ÷ २ = ७० डॉलर किंमत बसते आणि ५० प्रती खपतात. भारतात (८० + २०) ÷ २ = ५० डॉलरला ३० प्रती खपतात. दोन्ही मिळून ८०.

आता एकच किंमत ठेवा. एकूण मागणी `200 − 2p` होते आणि ती १०० डॉलरला शून्य होते, म्हणून किंमत (१०० + २०) ÷ २ = ६०. अमेरिकेत ६० प्रती, भारतात २० प्रती. एकूण पुन्हा ८०.

हा आकड्यांचा योगायोग नाही. दोन्ही रेषांचा उतार वेगळा घेतला तरी हेच होते. अमेरिकेत जितक्या प्रती कमी होतात, तितक्याच भारतात वाढतात. पिगूंनी हे दाखवून ठेवले होते. कारण मात्र बहुतेक ठिकाणी आकृतीतून सांगितले जाते आणि आकृतीत ते हरवते. दोन ओळींच्या बीजगणितात ते अधिक स्वच्छ दिसते.

नफा कमाल असतो तेव्हा किंमत अगदी थोडी वाढवून काहीच हाती लागत नाही. उरलेल्या प्रतींवर मिळणारा जादा पैसा आणि गेलेल्या प्रतींवरचा बुडालेला नफा समसमान असतात. म्हणजे विकलेल्या प्रती = (किंमत − सीमांत खर्च) × किमतीच्या एका डॉलरमागे गळणाऱ्या प्रती. ही गळती सरळ रेषेत कायम असते, तिला b म्हणू. मग दोन्ही व्यवस्थांत एकूण विक्री अशी लिहिता येते:

```
एक किंमत:    Q1 = Σ b × (p1 − c)
वेगळी किंमत:  Q2 = Σ b × (p2 − c)
फरक:         Q2 − Q1 = + Σ b × (p2 − p1)
```

येथे p1 ही समान किंमत, p2 ही त्या त्या बाजाराची स्वतंत्र किंमत आणि Σ म्हणजे दोन्ही बाजारांची बेरीज. पण मागणी वक्रावरून थेट पाहिले तर प्रत्येक डॉलरच्या वाढीमागे b प्रती गळतात, म्हणून तोच फरक `− Σ b × (p2 − p1)` असायला हवा. एकच संख्या स्वतःच्या उलट चिन्हाइतकी असेल तर ती शून्यच. सिद्धता इथे संपली.

यात b बदलत नाही एवढ्या एकाच गोष्टीचा आधार घेतला आहे. सीमांत खर्च दोन बाजारांत वेगवेगळा असला, समजा भारतीय आवृत्तीचा कागद स्वस्त आहे, तरी प्रतींची बेरीज बदलत नाही. वरच्या ओळींत प्रत्येक बाजाराचा आपापला c घाला, फरक काढताना तो उडून जातो.

दुसरी पायरी: दोन्ही बाजार खरोखर उघडे आहेत का

वरच्या निष्कर्षाला एक अट आहे आणि ती विसरल्यामुळे सर्वाधिक चुका होतात. एकच किंमत असताना दोन्ही बाजारांत विक्री चालू राहिली पाहिजे.

भारतातली मागणी `q = 60 − p` अशी थोडी कमकुवत करा. सूत्राने एकच किंमत काढली तर एकूण मागणी `180 − 2p`, किंमत (९० + २०) ÷ २ = ५५. अमेरिकेत ६५ प्रती, भारतात ५ प्रती, बेरीज ७०. वेगळ्या किमतींना अमेरिकेत ७० डॉलरला ५० आणि भारतात ४० डॉलरला २० प्रती, बेरीज ७०. नियम पाळला गेला असे वाटते.

आता नफा पाहा. ५५ डॉलरला प्रतीमागे ३५ डॉलर सुटतात आणि ७० प्रती जातात, म्हणजे नफा २,४५०. प्रकाशकाने भारत सोडून दिला आणि ७० डॉलरला फक्त अमेरिकेत विकले तर ५० × ५० = २,५००. ५५ डॉलर ही आसपासच्या किमतींपेक्षा बरी असली तरी सर्वांत चांगली नाही. प्रकाशक भारताचा बाजार बंद करील. म्हणजे खरी तुलना ५० विरुद्ध ७० प्रती अशी आहे. मूल्यभेदाने २० हजार प्रती वाढतात, अमेरिकी ग्राहकाची किंमत ७० डॉलरच राहते, कोणाचेच नुकसान होत नाही.

म्हणून फक्त सूत्रावर विसंबू नका. स्प्रेडशीटच्या एका स्तंभात २० ते १२० डॉलरपर्यंत एकेक डॉलरच्या अंतराने किंमत लिहा, शेजारी दोन्ही बाजारांची विक्री लिहा (ऋण आली तर शून्य धरा) आणि एकूण नफ्याचा स्तंभ वरपासून खालपर्यंत पाहा. नफ्याचे दोन उंचवटे दिसले तर मोठा कोणता ते बघून मगच पुढे जा. पाठ्यपुस्तकांच्या व्यवसायात ही शक्यता पुस्तकी नाही. अमेरिका आणि भारत यांच्या खरेदीशक्तीत इतके अंतर आहे की एक किंमत म्हणजे बहुतेकदा अमेरिकेचीच किंमत. किर्टसेंग प्रकरणात प्रकाशक हाच मुद्दा पुढे करत होते.

तिसरी पायरी: वक्रता आत आणा

यापुढे दोन्ही बाजार उघडे आहेत असे धरू. आता भारताची मागणी सरळ न घेता बहिर्वक्र घेऊ, म्हणजे आरंभबिंदूकडे फुगलेली. अशा मागणीत किंमत कमी असताना एका डॉलरच्या वाढीला पुष्कळ ग्राहक गळतात आणि किंमत चढत जाईल तशी गळती मंदावते. ज्यांना पुस्तकावाचून गत्यंतर नाही असे थोडे लोक शेवटपर्यंत टिकतात, बाकीचा मोठा जमाव खालच्या किमतीपाशी थांबलेला असतो. जुनी पुस्तके, ग्रंथालय आणि झेरॉक्स हे पर्याय हाताशी असलेल्या विद्यार्थ्यांच्या बाजाराचे हे चित्र पटण्यासारखे आहे.

```
अमेरिका: q = 240 − 2p
भारत:    q = 1000000 / p²
```

भारतातली लवचिकता, म्हणजे किंमत एक टक्का वाढली की विक्री किती टक्के घटते ते प्रमाण, सगळीकडे २ आहे, त्यामुळे तिथली स्वतंत्र किंमत २० × २ ÷ (२ − १) = ४० डॉलर येते आणि ६२५ प्रती खपतात. अमेरिकेत ७० डॉलरला १००. बेरीज ७२५. एकच किंमत शोधली तर ती ५० डॉलर येते. अमेरिकेत १४०, भारतात ४००, बेरीज ५४०. नफा १६,२०० वरून १७,५०० होतो, आणि विक्री ५४० वरून ७२५ वर जाते. सरळ मागणीत जिथे एकही प्रत वाढली नव्हती, तिथे इथे एक तृतीयांशाहून जास्त वाढ आहे.

आता वक्रता दुसऱ्या बाजूला ठेवा. अमेरिकेची, म्हणजे महाग बाजाराची, मागणी बहिर्वक्र आणि भारताची सरळ:

```
अमेरिका: q = 409600 / p²
भारत:    q = 1000 − 25p
```

स्वतंत्र किमती ४० आणि ३० डॉलर, विक्री २५६ आणि २५०, बेरीज ५०६. एकच किंमत ३२ डॉलर, विक्री ४०० आणि २००, बेरीज ६००. इथे मूल्यभेदाने ९४ प्रती घटल्या. प्रकाशकाचा नफा मात्र ७,२०० वरून ७,६२० झाला. मूल्यभेद करायची मुभा मिळाली की नफा वाढतोच, त्यावरून विक्रीबद्दल काहीही अनुमान काढता येत नाही.

असे का होते

एका किमतीपासून सुरुवात करा आणि दोन किमतींमधले अंतर हळूहळू वाढू द्या. ज्या बाजारात किंमत वाढते त्याला मजबूत बाजार म्हणू आणि ज्यात उतरते त्याला कमजोर. समान किमतीपाशी मजबूत बाजाराला किंमत अजून वर हवी असते, कमजोर बाजाराला तितक्याच ओढीने खाली हवी असते. अंतर वाढवताना प्रकाशक ही ओढ दोन्हीकडे सारखी कमी करत जातो. म्हणून विचारायचा प्रश्न हा: ओढ तेवढीच कमी करायला कोणत्या बाजारात जास्त प्रती हलवाव्या लागतात?

सरळ मागणीत प्रत्येक बाजारात हे प्रमाण तंतोतंत सारखे असते. सीमांत प्राप्तीची, म्हणजे आणखी एक प्रत विकून उत्पन्नात पडणाऱ्या भरीची, रेषा मागणीच्या रेषेपेक्षा दुप्पट उताराची असते, मग मागणी मोठी असो वा छोटी. म्हणून इकडे जितक्या प्रती कमी, तितक्या तिकडे जास्त.

बहिर्वक्र मागणीत हे प्रमाण बिघडते. कमजोर बाजारात किंमत खाली आणली की आणखी उतरवण्याची ओढ कमी व्हायला हवी, पण खाली येताना प्रत्येक डॉलरमागे मिळणारे ग्राहक वाढत जातात, त्यामुळे ओढ सहजी कमी होत नाही. किंमत पुष्कळ उतरवावी लागते आणि पुष्कळ प्रती वाढतात. म्हणून कमजोर बाजार जास्त बहिर्वक्र असेल तर एकूण विक्री वाढते. मजबूत बाजार जास्त बहिर्वक्र असेल तर याच कारणाने तिथे जास्त प्रती गळतात आणि बेरीज घटते. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये ही तुलना मांडली, आणि मागणीच्या वक्रतेची बाजारा-बाजारातली तुलना हाच आजही या प्रश्नाचा गाभा आहे.

मोजण्यासाठी प्रत्येक बाजाराचे दोन आकडे लागतात. पहिला नफ्याचे प्रमाण, `L = (p − c) / p`. दुसरा वक्रता r, म्हणजे किंमत एक टक्का वाढली की ‘एका डॉलरमागची गळती’ किती टक्के कमी होते:

```
r = − p × q'' / q'
हललेल्या प्रतींचे माप = 1 / (2 − L × r)
```

येथे q' म्हणजे मागणीचा उतार आणि q'' म्हणजे त्या उताराचा बदल. सरळ मागणीत r शून्य, म्हणून माप १/२. स्थिर लवचिकतेच्या मागणीत r म्हणजे लवचिकता अधिक १. बहिर्वक्र भारताच्या उदाहरणात ५० डॉलरपाशी L ०.६ आणि r ३, म्हणून माप १ ÷ ०.२ = ५. अमेरिकेचे माप १/२. कमजोर बाजाराचे माप मोठे, म्हणून विक्री वाढते. शेवटच्या उदाहरणात ३२ डॉलरपाशी अमेरिकेचे L ०.३७५ आणि r ३, माप सुमारे १.१४, भारताचे १/२. मजबूत बाजाराचे मोठे, म्हणून विक्री घटते.

एक काळजी घ्या. हे माप समान किमतीपाशी काढले तर फक्त पहिल्या पावलाची दिशा कळते. किमती दूर जातील तसे कमजोर बाजाराचे L उतरते आणि त्याच्या वक्रतेचे वजन कमी होते, मजबूत बाजारात उलट होते. त्यामुळे हेच माप स्वतंत्र किमतींपाशीही, प्रत्येक बाजाराची आपली p घेऊन, पुन्हा काढा. बहिर्वक्र भारताचे माप ४० डॉलरपाशी १ ÷ ०.५ = २ येते, अजूनही १/२ पेक्षा मोठे, म्हणजे दिशा पलटलेली नाही. दोन टोकांना उत्तरे वेगळी आली तर मधल्या किमती तपासल्याशिवाय काही बोलू नये. `2 − L × r` शून्य किंवा ऋण आले तर तिथे नफ्याचा वक्रच नीट वळलेला नाही. मग हे माप सोडा आणि दुसऱ्या पायरीतल्या स्प्रेडशीटकडे परता.

प्रती वाढल्या म्हणजे भले झाले का

सीमांत खर्च दोन्हीकडे सारखा असेल तर विक्री वाढणे ही समाजाच्या एकूण लाभासाठी आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. अशा वेळी लाभाची वरची मर्यादा सहज निघते: एकूण लाभातली वाढ ही (समान किंमत − सीमांत खर्च) × विक्रीतली वाढ यापेक्षा जास्त असू शकत नाही. खालची मर्यादा म्हणजे प्रत्येक बाजारातला (स्वतंत्र किंमत − सीमांत खर्च) × त्या बाजारातला विक्रीचा बदल, आणि त्यांची बेरीज. हॅल व्हेरियन यांनी १९८५ मध्ये या दोन मर्यादा मांडल्या.

बहिर्वक्र भारताच्या उदाहरणात वरची मर्यादा ३० × १८५ = ५,५५० आणि खालची ५० × (−४०) + २० × २२५ = २,५००. दोन्ही धन आहेत, म्हणून लाभ नक्की वाढला. बहिर्वक्र अमेरिकेच्या उदाहरणात वरची मर्यादाच १२ × (−९४) = −१,१२८ आहे, म्हणजे तोटा किमान इतका.

सरळ मागणीत वरची मर्यादा शून्य, म्हणजे लाभ वाढूच शकत नाही. पहिल्या उदाहरणात तो नेमका १०० ने घटतो. प्रकाशकाला २०० जास्त मिळतात, भारतीय वाचकांचे संतोषाधिक्य, म्हणजे द्यायची तयारी असलेली रक्कम आणि दिलेली किंमत यांतला फरक, २५० ने वाढते, अमेरिकी वाचकांचे ५५० ने घटते. ज्या १० हजार प्रती अमेरिकेतून भारतात गेल्या त्यांच्यासाठी तिथले लोक ६० ते ७० डॉलर द्यायला तयार होते आणि इथले ५० ते ६०. ‘लाभ’ हा शब्द इथे फक्त तयारी असलेल्या डॉलरमध्ये मोजला आहे. ज्याच्या खिशात डॉलरच कमी, त्याची गरज या मापात लहान दिसते, हे ध्यानात ठेवून निष्कर्ष काढावा. शिवाय सीमांत खर्च दोन बाजारांत वेगळा असेल तर या मर्यादा जशाच्या तशा लागू होत नाहीत. स्वस्तात पुरवता येणाऱ्या बाजाराकडे प्रती वळल्याने खर्च वाचतो, आणि तेव्हा विक्री न वाढताही लाभ वाढू शकतो.

विक्रीच्या नोंदींवरून वक्रता काढणे

दोन किमतींच्या नोंदींवरून वक्रता कळतच नाही, कारण दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते. किमान तीन किमती हव्यात, शक्यतो समान अंतरावर. भारताच्या नोंदी अशा आहेत असे समजा: ४० डॉलरला ६२५, ५० ला ४००, ६० ला २७८. पहिल्या दहा डॉलरला २२५ प्रती गळल्या, पुढच्या दहाला १२२. गळती जवळपास निम्मी झाली, म्हणजे मागणी स्पष्ट बहिर्वक्र आहे. आकडा काढायचा तर ५० डॉलरपाशी उतार (२७८ − ६२५) ÷ २० = −१७.३५ आणि उताराचा बदल (२७८ − ८०० + ६२५) ÷ १०० = १.०३. म्हणून r = ५० × १.०३ ÷ १७.३५, सुमारे २.९७. खरा आकडा ३ आहे.

नोंदी इतक्या स्वच्छ क्वचितच मिळतात. मधल्या ४०० च्या जागी एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या घाऊक मागणीमुळे ४३० आले तर उताराचा बदल १.०३ वरून ०.४३ वर येतो आणि r सव्वाच्या आसपास घसरतो. मधल्या आकड्यातली साडेसात टक्क्यांची चूक वक्रतेला निम्म्याहून खाली आणते. उतार मोजायला जेवढ्या नोंदी पुरतात त्याहून कितीतरी जास्त वक्रतेला लागतात. घाऊक खरेदी, सत्राची सुरुवात आणि नव्या आवृत्तीची घोषणा या काळातल्या नोंदी आधी बाजूला काढाव्यात.

याहून घातक चूक मात्र मांडणीतच लपलेली असते. विक्रीच्या नोंदींवर सरळ रेषा बसवली तर ‘मूल्यभेदाने विक्री बदलत नाही’ हे उत्तर नोंदी पाहण्याआधीच ठरलेले असते. विक्री आणि किंमत दोन्हींचे लॉगरिदम घेऊन रेषा बसवली तर r आपोआप लवचिकता अधिक १ होतो. जास्त लवचिक बाजार तोच कमजोर बाजार, म्हणून त्याचीच वक्रता जास्त निघते आणि समान किमतीपाशी उत्तर ‘वाढते’ असेच येते. दोन्ही वेळा उत्तर नोंदींनी दिलेले नसते, निवडलेल्या सूत्राने दिलेले असते. ओळखायची खूण अशी: दोन टोकांच्या किमतींवरून मधल्या किमतीची विक्री काढा आणि खऱ्या नोंदीशी ताडून पाहा. वरच्या आकड्यांत सरळ रेषा ५० डॉलरला ४५१ प्रती सांगते, नोंद ४०० ची आहे. लॉगरिदमची रेषा ४०० च्या अगदी जवळ जाते. दोन्ही बाजारांसाठी एकच सूत्र वापरायचे बंधनही नाही. अमेरिकेला सरळ रेषा आणि भारताला दुसरी मांडणी बसत असेल तर तशीच ठेवावी, कारण उत्तर त्या दोघांच्या फरकातूनच यायचे आहे.